रागाच्या खाली काय आहे हे भांडणाच्या आधी कसं ओळखता तुम्ही?

रेवा_लातूर | सोमवार, रात्री ११.१०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगा. नवरा स्वभावाने चांगला आहे, हे आधीच सांगते म्हणजे कुणी 'सोडून दे' म्हणायला नको.

झालं असं की मृगाच्या आसपास ह्यांनी गावाकडं मोठ्या दीरांना पेरणीला चाळीस हजार दिले. मला सांगितलं नाही. मला कळलं जाऊबाईंकडून, तेही चार बायकांत, बारशाच्या जेवणावर. "तुमच्या ह्यांनी वेळेला हात दिला बघा, नायतर सोयाबीन घरातच राहिलं असतं," असं त्या म्हणल्या आणि मी हसून "हो ना" म्हणलं. घरी आल्यावर मात्र जे तोंड सोडलं ते सोडलंच. दीर, सासू, ह्यांचं शिक्षण, नऊ वर्षातलं सगळं काढलं. ते उठून गॅलरीत गेले आणि बोलणं बंद. आज सहावा दिवस.

माझी मैत्रीण म्हणते बोलण्याआधी रागाच्या खाली काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय ते आधी स्वतःला सांग, मग त्याला सांग. ऐकायला पटतं. पण राग आलेला असताना खाली बिली काही दिसत नाही हो, फक्त रागच दिसतो. कुणाला जमलंय का हे? नेमकं काय करता?

कपाशीवाला | सोमवार, रात्री ११.३४

ताई, राग दाबून ठेवू नका, येकदा मोकळा होऊ द्या, मग आपोआप शांत होतं. कुकरची शिट्टी झाली की वाफ जाते तसं. आमच्याकडं परभणीला तर भांडण बी मोठ्यानं अन् जेवण बी सोबतच.

सोपान_काका | मंगळवार, सकाळी ६.०५

भावाला पेरणीला पैसे दिले यात गैर काय ते मला कळेना. एकरी तीस किलो बियाणं लागतं, वर खत, वर ट्रॅक्टरचं भाडं. पाऊस पडून वाफसा आला की चार-पाच दिवसात पेरणी उरकावी लागते, तेव्हा कुणाला विचारत बसायला वेळ नसतो. आम्ही भाऊ भाऊ असंच करत आलो. घरातलं बियाणं उगवणशक्ती बघून वापरलं तर खर्च निम्मा होतो, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सत्तर उगवले की बियाणं चांगलं.

रेवा_लातूर | मंगळवार, सकाळी ९.२०

काका, पैसे दिल्याबद्दल धागा नाहीये हा. पण तुमचं वाचून एक जाणवलं, मी पण सहा दिवस ह्यांच्याशी पैशावरच भांडतेय.

मीनल_समुपदेशक | मंगळवार, दुपारी २.४०

मी संभाजीनगरला कुटुंब समुपदेशनाचं काम करते, बारा वर्षं होतील. जे रोज बघते त्यावरून लिहिते.

आधी कपाशीवाल्यांचं. अर्धं बरोबर आहे, दाबून ठेवला की राग जात नाही, तो दुसऱ्या ठिकाणी निघतो, बहुतेक वेळा लेकरावर. पण आरडाओरडा केला की वाफ निघून जाते हे काही खरं नाही. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत करत आदळआपट केली तर राग वाढतो, हे प्रयोग करून तपासलेलं आहे. कुकरची वाफ संपते, आपलं मात्र बोलता बोलता नवीन नवीन आठवत जातं. रेवा, तू दिरांपासून ह्यांच्या शिक्षणापर्यंत पोचलीस ना, ते तसंच झालं.

आता तुझा प्रश्न. राग चढलेला असताना खाली काही दिसत नाही म्हणतेस, ते बरोबरच आहे, तेव्हा दिसतच नाही. अमेरिकेत जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवराबायकोला समोरासमोर बसवून भांडणाच्या विषयावर बोलायला लावलं आणि छातीचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस ऐकूच शकत नाही, समोरचा काय बोलतो त्यातला फक्त वार तेवढा ऐकू येतो. एकदा त्यांनी मध्येच थांबवून सांगितलं की यंत्र नीट करायचंय, आणि तेवढा वेळ दोघांना मासिकं चाळायला दिली. अर्ध्या तासाने तीच माणसं तोच विषय बोलली, पण जणू वेगळी माणसं असावीत तशी. म्हणून पहिली पायरी शोधायची नाही, थांबायची. निदान वीस मिनिटं. आणि त्या वीस मिनिटांत 'आता असं बोलीन, तसं बोलीन' हे मनात घोळवायचं नाही, नाहीतर ठोके खाली येतच नाहीत. कणीक मळा, मेथी निवडा, गच्चीवर चकरा मारा.

त्यानंतर मी बायकांना एक प्रश्न देते. घडलेल्या गोष्टीतली एकच गोष्ट बदलून बघ आणि राग तेवढाच राहतो का ते बघ. तू कर बरं. समजा ह्यांनी तुला आदल्या रात्री सांगितलं असतं की दादाला चाळीस हजार देतोय, आणि दिले असते. तेवढाच राग आला असता?

रेवा_लातूर | मंगळवार, दुपारी ३.१५

कुरकुर केली असती. पण असा राग नसता आला.

मीनल_समुपदेशक | मंगळवार, दुपारी ३.२२

मग पैसे बाजूला ठेव. आता दुसरी गोष्ट बदल. ह्यांनी आधी सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जाऊबाईंकडून कळलं नाही. मग?

रेवा_लातूर | मंगळवार, रात्री १०.४८

ताई, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. स्वयंपाक करताना एकदम काहीतरी आठवलं आणि गॅस बंद करून खाली बसले.

मी सातवीत होते. माझे वडील चुलत्यांना जामीन राहिले होते, एका पतसंस्थेच्या कर्जाला. आईला माहीत नव्हतं. वसुलीचा माणूस दारात आला, आई तेव्हा ओसरीत गहू पाखडत होती. तो म्हणला, "बाई, नोटीस घ्या, सही करा." आई म्हणली कशाची नोटीस. शेजारच्या दोघी तिथंच उभ्या. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं, गहू एका बाजूनं सांडत होते आणि तिला ते कळत नव्हतं. नंतर पाटल्या गेल्या, पण आई पाटल्यांबद्दल कधी बोलली नाही. ती आयुष्यभर एवढंच म्हणायची की मला दारातल्या माणसाकडून कळलं.

जाऊबाई बोलल्या तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला ना, तो तोच होता. मी नऊ वर्षं समजत होते की मी पैशाला घाबरते.

अनुष्का_नांदेड | मंगळवार, रात्री ११.०२

वाचून डोळे भरले. तू हे असंच्या असं त्यांना सांग. आजच.

रेवा_लातूर | बुधवार, रात्री ९.५०

सांगितलं. नीट झालं नाही. जेवण झाल्यावर म्हणलं, "मला बोलायचंय, मी चिडणार नाही." मग म्हणलं, "मला भीती वाटते की तुम्ही मला किंमतच देत नाही, तुमच्यासाठी मी घरातली कुणी नाहीच." ते म्हणले "झालं सुरू" आणि टीव्ही लावला. मी भीती हा शब्द वापरला होता हो! चुकलं कुठं?

मीनल_समुपदेशक | बुधवार, रात्री १०.३०

शब्द भीतीचा वापरलास, पण वाक्य आरोपाचं झालं. 'की तुम्ही' आलं की पुढं जे येतं ते त्यांच्याबद्दल असतं, तुझ्याबद्दल नसतं. आपल्या मराठीत ही अडचण जास्त आहे, कारण 'मला वाटतं' हे विचारालाही चालतं आणि मनाच्या अवस्थेलाही. 'मला वाटतं तुम्ही मुद्दाम केलं' यात मन कुठंच नाही, तो निकाल आहे. 'मला भीती वाटते', 'मला लाज वाटली', 'मला एकटं वाटलं' हे तिथंच संपतं, पुढं 'तुम्ही' लागत नाही.

'किंमत नाही', 'गृहीत धरलं', 'फसवलं', हे शब्द भावनेसारखे दिसतात पण प्रत्येकात दुसऱ्यानं केलेलं काहीतरी लपलेलं आहे. समोरच्याला ते लगेच ऐकू येतं आणि तो बचावाला उभा राहतो. ओळखायची साधी खूण सांगते. वाक्य बोलल्यावर समोरचा 'नाही, मी असं केलं नाही' असं म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर तो आरोप. 'माझ्या पोटात गोळा आला' याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

आणि काल तू इथं जे लिहिलंस, सूप, गहू, दारातला माणूस, ते तू त्यांना सांगितलंसच नाहीस. अनोळखी लोकांना सांगितलंस. घरी मात्र सगळ्याचं सार काढून दिलंस, आणि ते सार आरोपाचं निघालं.

दत्ता_जालना | बुधवार, रात्री ११.५८

मी इथं फक्त वाचतो, पहिल्यांदा लिहायलो. रेवाताईचे मिस्टर गॅलरीत जातात तसा मी बाहेर जातो, कट्ट्यावर. बायकोला वाटतं मला काही फरक पडत नाही. खरं सांगू का, ती बोलायला लागली की माझे कान गरम होतात अन् छातीत धडधड होते, आणि मला एवढंच कळतं की आता मी काहीही बोललो तरी चुकीचंच ठरणार. लहानपणी आमचे वडील बोलायला लागले की मी अन् भाऊ गोठ्यात जाऊन बसायचो, वडील झोपेपर्यंत. आता मी चाळीस वर्षाचा आहे अन् अजून उठून जातोच. मी गेलो की ती अजून मोठ्यानं बोलते, ती मोठ्यानं बोलली की मी अजून लांब. याला माझा राग म्हणावं का भीती म्हणावं मला कळत नाही. बाहेर तर राग म्हणूनच दिसतं, कारण मी दार आदळून जातो.

मीनल_समुपदेशक | गुरुवार, सकाळी ८.१५

दत्ताभाऊ, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. एक जण मागं लागतो, दुसरा लांब जातो, आणि जितका एक लांब जातो तितका दुसरा मागं लागतो. कॅनडाच्या स्यू जॉन्सन यांनी जोडप्यांसोबत काम करण्याची पद्धत १९८० च्या दशकात उभी केली ती याच फेऱ्याभोवती. मागं लागणाऱ्याच्या रागाखाली बहुतेकदा 'मी एकटी पडले' असतं आणि गप्प होणाऱ्याच्या खाली 'मी कमी पडलो'. दोघंही घाबरलेले, फक्त एकाची भीती आवाज करते आणि दुसऱ्याची दार आदळते.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण जाताना वेळ सांगून जा. "मला आत्ता सुचत नाहीये, साडेनऊला परत येतो, मग बोलू." आणि साडेनऊला खरंच या. तिला तुमच्या जाण्यानं जेवढं लागतं त्याहून जास्त 'कधी येणार' हे माहीत नसल्यानं लागतं.

कपाशीवाला | गुरुवार, सकाळी ९.०३

मॅडम, कुकरचं मागं घेतो. पण येक विचारतो. शेतातून दमून आल्यावर माणूस चिडतो त्याच्याखाली कोणती भीती असती? मला तर भूक असती. भाकर खाल्ली की राग गायब.

मीनल_समुपदेशक | गुरुवार, सकाळी ९.४०

हे खरंच आहे आणि मी विचारायला हवं होतं. भूक, अपुरी झोप, दुखणं, हे आधी बघायचं. भाकरीनं गेला तो राग भाकरीचाच होता, त्याच्याखाली खणत बसू नये.

वैशाली_बीड | गुरुवार, दुपारी १.१०

मला या सगळ्याला विरोध आहे आणि तो नीट मांडते. रागाखाली भीतीच असते, दुःखच असतं, हे बायकांना फार लवकर शिकवलं जातं. माझ्या नावावरची जमीन मला न विचारता बटईनं दिली तेव्हा मला राग आला, आणि खाली काही नव्हतं. अन्याय झाला म्हणून राग आला. तेव्हा मी 'मला असुरक्षित वाटतं हो' म्हणले असते तर सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवला असता आणि जमीन तशीच राहिली असती. मी सरळ म्हणलं, माझी जमीन आहे, पुढच्या हंगामाला मला विचारल्याशिवाय होणार नाही. तसंच झालं.

मीनल_समुपदेशक | गुरुवार, दुपारी २.०५

वैशाली, पूर्ण मान्य. काही राग वरचा नसतो, तोच मूळ असतो. माझ्या अनुभवात असा राग एका गोष्टीवर टिकून राहतो, त्याला काय हवंय ते स्पष्ट असतं आणि ते मिळालं की थांबतो. वरचा राग भटकतो, जमिनीवरून सासूवर, सासूवरून लग्नातल्या मानपानावर, आणि मागितलेलं मिळालं तरी शांत होत नाही.

वैशाली_बीड | गुरुवार, दुपारी २.३०

तरी मला वाटतं तुम्ही आधी खाली बघायला सांगता आणि मग हक्काचं. माझा क्रम उलटा आहे.

नाव_नको | गुरुवार, रात्री १२.२०

मी पण मनातलं सांगून बघितलं. म्हणलं तुम्ही आवाज चढवला की मला भीती वाटते, हातपाय गार पडतात. त्यानंतर ते मुद्दाम जवळ येऊन आवाज चढवतात. दोनदा हात पण उचललाय. मी सांगायला चुकले का?

मीनल_समुपदेशक | गुरुवार, रात्री १२.४१

नाही ताई, तुम्ही काहीही चुकला नाहीत. वर मी जे सगळं लिहिलं ते तुमच्या घरासाठी नाही, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. जिथं मारहाण आहे, किंवा तुमची भीती कळल्यावर तीच वापरली जाते, तिथं मन उघडं करायचं नाही. तिथं आधी सुरक्षित व्हायचं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, कधीही लागतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं तक्रार देता येते आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. मला वैयक्तिक संदेश करा, मी जागी आहे. फोन त्यांच्या हातात जात असेल तर आधी हे पान बंद करा.

अनुष्का_नांदेड | शुक्रवार, सकाळी ७.३०

नाव_नको ताई, काळजी वाटतेय. जमेल तेव्हा नुसता एक टिंब टाका इथं.

नाव_नको | शुक्रवार, सकाळी ११.१५

.

रेवा_लातूर | रविवार, रात्री १०.२०

आज परत बोलले. लिहून ठेवते, कारण नंतर मला पण आठवणार नाही.

दुपारी मुलगा झोपला होता. मी शेंगा फोडत होते, ते पण येऊन बसले आणि फोडायला लागले. समोरासमोर नव्हतो, दोघांची नजर शेंगांवर, त्यामुळं सोपं गेलं असावं. मी आधीच ठरवलं होतं की दीर, सासू, चाळीस हजार हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मी फक्त आईची गोष्ट सांगितली. ओसरी, सूप, नोटीस. मग म्हणलं, "त्या दिवशी बारशात माझ्या पोटात तसाच गोळा आला. मी हसले, पण मला आईच दिसत होती. मला घरातलं बाहेरून कळायची फार भीती वाटते." एवढं बोलून गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं, जीभ शिवशिवत होती 'आणि तुम्ही' म्हणायला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं परत टीव्ही. मग म्हणले, "आईंचं मला माहीत नव्हतं." आणि मग थांबून थांबून सांगितलं की दादानं त्यांच्या डीएडच्या वेळी बैल विकला होता, दादानं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यानं पैसे मागितले तेव्हा ह्यांना 'बायकोला विचारून सांगतो' म्हणायची लाज वाटली. आणि मला सांगितलं असतं तर मी नाही म्हणले असते, मग कुणाला तोंड दाखवायचं, म्हणून सांगितलंच नाही. बैलाचं मला नऊ वर्षात माहीत नव्हतं.

मी एकच मागितलं. द्या, पण त्याच दिवशी झोपायच्या आधी मला सांगा. ते हो म्हणले. किती द्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही, त्यावर थोडं वाजलंच, मुलाची फी पुढच्या महिन्यात आहे. पण आज ते गॅलरीत गेले नाहीत.

सोपान_काका | सोमवार, सकाळी ५.५०

पोरी, बैल विकणं काय असतं ते मला विचार. तुझ्या मालकाला माझा नमस्कार सांग. आणि माझ्या पहिल्या पोस्टचं वाईट वाटून घेऊ नको, मला वाटलं तू पैशाचंच बोलायलीस. आमच्या हिनं पण मला कधी विचारलं नाही की तुम्ही कामून सांगितलं नाही. विचारायला पाहिजे होतं तिनं. आता ती नाही.

कपाशीवाला | सोमवार, सकाळी ८.१२

काका 🙏

वैशाली_बीड | सोमवार, सकाळी १०.००

रेवा, छान झालं. फीचं मात्र सोडू नकोस, ते भीतीचं नाही, हिशोबाचं आहे. वही घेऊन बसा दोघं.

दत्ता_जालना | सोमवार, रात्री १०.४५

मॅडम, काल करून बघितलं. म्हणलं, "मला सुचंना गेलं, साडेनऊला येतो." ती दारापर्यंत आली, पण मागून ओरडली नाही. नऊ पंचवीसलाच आलो. ती ओट्याजवळ उभी होती, म्हणली बोला. मी गोठ्याचं सांगायचं ठरवून आलतो, तोंडातून शब्दच निघंना. शेवटी म्हणलं उद्या सांगतो. ती म्हणली उद्या किती वाजता.